तक्त्याचं शीर्षक: आटोपशीर की सविस्तर?

सोलापूर जिल्ह्याचा 2011 ते 2020 चा मासिक पाऊस एका तक्त्यात आहे, असं धरू. त्याला ‘पर्जन्यमान, सोलापूर’ म्हणावं, की ‘सोलापूर जिल्हा: तालुकानिहाय मासिक पाऊस, 2011–2020, मिमी’?

शोधताना सविस्तर शीर्षक सरस ठरतं. विद्यार्थी ‘पाऊस’ टाकतो, ‘पर्जन्यमान’ क्वचितच. शिवाय निकालांच्या यादीत शहराचा तक्ता की जिल्ह्याचा, रोजचा की महिन्याचा, हे आटोपशीर शीर्षकावरून कळत नाही. फाइल उघडूनच बघावं लागतं.

देखभालीत मात्र आटोपशीर शीर्षक सोयीचं. दरवर्षी भर पडणाऱ्या तक्त्याच्या शीर्षकात ‘2020’ तसंच राहिलं, की 2023 चे आकडे आत असूनही कुणाला सापडत नाहीत.

वर्णन दोन्हीकडे लागतंच. गूगलच्या डेटासेट शोधासाठी ते 50 ते 5000 अक्षरांत हवं. पहिल्याच वाक्यात लिहा: एका ओळीत एका तालुक्याचा एका महिन्याचा पाऊस, 11 तालुके, 10 वर्षं, म्हणजे 1320 ओळी. मग रिकाम्या चौकटीचा अर्थ सांगा. मोजणीच झाली नाही की पाऊस शून्य, हे लिहिलं नाही तर सांगोल्याची सरासरी चुकलीच समजा. ‘पर्जन्यमान’, `Solapur` आणि जुन्या कागदांतलं `Sholapur` हे शब्दही वर्णनातच घाला; शीर्षकात ते नुसती गर्दी करतात.

काळ ठरलेला, पूर्ण झालेला तक्ता असेल तर सविस्तर शीर्षक घ्या. चालू तक्त्याला ‘सोलापूर जिल्हा: तालुकानिहाय मासिक पाऊस’ पुरे, वर्षं वर्णनात.