‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ की नेमकी मागणी?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीला बंद हातपंपासाठी पंचायत समितीला ई-मेल पाठवायचा आहे, असे समजू.

जुन्या वळणाचा मजकूर असा असतो: ‘उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, गावातील हातपंप नादुरुस्त आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.’ इंग्रजीत लिहिताना याच जागी ‘काइंडली डू द नीडफुल’ येते. दोन्हींत काय करायचे हे वाचणाऱ्याने ठरवायचे असते, त्यामुळे ‘कोणता हातपंप?’ असे उलट पत्र येते किंवा अर्ज नुसताच पुढच्या टेबलावर सरकतो.

दुसरा मजकूर असा: ‘वॉर्ड ३ मधील शाळेजवळचा हातपंप सोमवारपासून बंद आहे, दांडा हलतो, पण पाणी येत नाही. कृपया शुक्रवारपर्यंत दुरुस्ती पथक पाठवावे आणि येण्याचा दिवस ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना कळवावा.’ यात ठिकाण, लक्षण, मागणी, मुदत आणि कोणाला कळवायचे, हे सारे आहे. ‘कृपया’ आणि ‘पाठवावे’ यांतून आदर पुरेसा व्यक्त होतो, म्हणून साहेबांना हे उद्धट वाटेल ही भीती मला अनाठायी वाटते.

बिघाडाचे कारण ठाऊक नसेल, तर सुटा भाग मागू नये. ‘तपासणी करून दुरुस्तीचा दिवस कळवावा’ एवढेच लिहावे. जावक क्रमांक व विषयाची ओळ मात्र कायम ठेवावी, कारण त्यावरूनच नोंद सापडते. प्रतिज्ञापत्र किंवा विहित नमुन्यातील ठरलेली वाक्येही बदलू नयेत.