ओसीआरचा मजकूर साफ करताना: वर्ड की पायथन?

सोलापुरातील आमच्या वाचनालयाची 84 पानांची जुनी स्मरणिका स्कॅन करून टेसरॅक्टने मजकुरात बदलली, तेव्हा छापील पानावरची प्रत्येक ओळ जिथे संपली होती तिथेच मजकूरही तुटला; परिच्छेद कुठे संपतो हे फक्त मधल्या रिकाम्या ओळीवरून कळत होते. तुटलेल्या ओळी जोडायच्या, पण परिच्छेद राखायचे, यासाठी मी निम्मी पाने वर्डमध्ये आणि निम्मी पायथनने साफ केली.

वर्डच्या शोधा-बदला खिडकीत आधी ` ^p` च्या जागी `^p` घालावे, कारण रिकाम्या दिसणाऱ्या ओळीत एखादी जागा लपलेली असली तर पुढची पायरी फसते आणि दोन परिच्छेद एकमेकांत मिसळतात. मग `^p^p` च्या जागी `@@`, उरलेल्या `^p` च्या जागी एक जागा, आणि शेवटी `@@` च्या जागी `^p` घालावे. पायथनमध्ये हेच काम असे होते:

```
t = re.sub(r"[ \t]+", " ", t)
t = re.sub(r" ?\n ?", "\n", t)
t = re.sub(r"(?<!\n)\n(?!\n)", " ", t)
```

पहिल्या ओळीत `[ \t]` ऐवजी `\s` लिहिले, तर परिच्छेदांच्या खुणाही नाहीशा होतात आणि सगळी स्मरणिका एकच परिच्छेद होते.

ओळीच्या शेवटी आलेल्या संयोगचिन्हाच्या बाबतीत मात्र मला वर्डच अधिक भरवशाचे वाटले. गड्ड्याच्या यात्रेवरील लेखात ‘नंदी-’ एका ओळीत आणि ‘ध्वज’ पुढच्या ओळीत होते. तिथे चिन्ह काढणे योग्यच होते. पण ‘सोलापूर-पुणे’ नेमके तिथेच तुटले असेल, तर आंधळेपणाने जोडल्यास ‘सोलापूरपुणे’ उरते. म्हणून ओळी जोडण्याआधी `-^p` शोधून प्रत्येक ठिकाण डोळ्यांनी पाहावे.

अदृश्य चिन्हांच्या बाबतीत पायथन सरस ठरते. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्य’ काही वेळा साधा र, हलंत आणि शून्य-रुंदीचे जोडचिन्ह अशा क्रमाने येतो. कचरा समजून ते जोडचिन्ह सरसकट काढले, की शब्द ‘दुसर्या’ असा रफारासह दिसू लागतो. त्यामुळे आधी पुढील बदल करावा आणि मगच उरलेली अदृश्य चिन्हे काढावीत:

```
t = t.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
```

ओव्या आणि सुताच्या हिशेबाचे तक्ते यांना दोन्ही मार्ग सारखेच घातक आहेत, कारण तिथे ओळ तोडणे हाच मजकुराचा भाग असतो. अशी पाने आधीच वेगळ्या फाइलमध्ये काढून हातानेच नीट करावीत.

वीस-पंचवीस पाने एकदाच साफ करायची असतील, तर मी वर्डच सुचवेन. दरवर्षीच्या स्मरणिकांचा सारख्याच मांडणीचा संच हाती असेल, तर पायथन शिकण्याचा वेळ दुसऱ्या अंकापासूनच भरून निघतो; तिथेही संयोगचिन्हांची पायरी मात्र वर्डमध्येच उरकून घ्यावी.