कोथरूडमधल्या प्लंबिंगच्या दुकानासाठी गूगल अ‍ॅड्स: काही महिने वापरल्यावर

पौड रोडच्या आतल्या गल्लीत आमचं प्लंबिंग-रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. दोन मिस्त्री, एक हेल्पर आणि फोनवर मी. उन्हाळ्यापासून आम्ही गूगलवर सर्चची जाहिरात चालवतोय, म्हणजे कुणी मोबाइलवर ‘plumber near me’ टाकलं की आमचं नाव वर दिसतं, सोबत फोनचं बटण आणि दुकानाचा पत्ता. कामं येतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण जाहिरातीत काय लिहिलंय यापेक्षा ती कुठे आणि कधी दिसते यावरच सगळं ठरतं.

आधी पैशाचं गणित सांगते. पैसे बटण दाबल्याचे जातात, काम मिळाल्याचे नाही. फोन उचलला नाही तरी तो दाब मोजला जातो. समजा एका दाबाला तीस रुपये पडले, तर दहा दाबांचे तीनशे झाले. त्यातले चार फोन उचललेच गेले नाहीत, तीन जणांनी नुसता रेट विचारला आणि तीन कामं मिळाली, तर एका कामामागे शंभर रुपये पडले. नुसता वॉशर बदलायचं काम असेल तर त्यात काय उरणार? तेच फ्लश टँक बदलायचा असेल किंवा कन्सिल्ड लाइनचं लीकेज असेल, तर शंभर रुपये काहीच नाहीत.

म्हणून बटणाची वेळ ठरवणं आलं. कॉल बटणाला वेगळं वेळापत्रक लावता येतं. आम्ही सकाळी आठ ते रात्री नऊ ठेवलंय. मात्र नुसतं बटण बंद केलं तर जाहिरात दिसतच राहते आणि लोक वेबसाइटवर जातात, त्याचेही पैसे लागतात. त्यामुळे पूर्ण कॅम्पेनची वेळही तीच ठेवावी लागते. रात्री अकराला पाइप फुटलेला माणूस सांगाल ते पैसे देईल, हे खरं. पण त्या वेळी जायला मिस्त्री नसेल तर ते बटण चालू ठेवून काय करायचं?

आता वर्तुळ, म्हणजे जाहिरात कुठवर दाखवायची ती हद्द. दुकानाभोवती पाच किलोमीटरचं वर्तुळ काढलं की नकाशावर छान दिसतं, पण ते हवेतून मोजलेलं अंतर असतं. कोथरूडच्या उत्तरेला वेताळ टेकडी आहे. पलीकडचं पाषाण त्या वर्तुळात बसतं, पण टूलबॅग घेऊन दुचाकीवर जायचं तर सगळा वळसा. दक्षिणेला मुठा नदी. सिंहगड रोड दिसायला जवळ, पण संध्याकाळी राजाराम पुलावरची गर्दी पुणेकरांना सांगायला नको. तिथून फोन आला की मी ‘तासाभरात येतो’ म्हणायची आणि तोवर समोरच्यानं दुसऱ्याला बोलावलेलं असायचं. आता एका मोठ्या वर्तुळाऐवजी दोन लहान आहेत, दोन-दोन किलोमीटरची: एक दुकानाभोवती, एक कर्वेनगरला. जाहिरात कमी दिसते, पण फोन करणाऱ्याच्या घरी मिस्त्री वीस मिनिटांत पोचतो. त्यातही फोनचं लोकेशन नेहमी अचूक नसतं. वारज्याहून एखादा फोन येतोच.

लोकेशनच्या पर्यायांत आणखी एक गोष्ट बघा. तिथे मुळात ‘Presence or interest’ निवडलेलं असतं, म्हणजे कोथरूडबद्दल शोधणारा मुंबईतला माणूसही चालतो. आम्ही फक्त ‘Presence’ ठेवलं. यात एक गिऱ्हाईक हातचं जातं: आईवडील इथे एकटे आणि मुलगा अमेरिकेत बसून त्यांच्यासाठी प्लंबर शोधतोय. असे लोक चांगले असतात, घासाघीस करत नाहीत. पण त्यांच्यासाठी बाकीची खोगीरभरती परवडत नाही.

दर सोमवारी मी ‘Search terms’चा रिपोर्ट उघडते. लोकांनी नेमकं काय टाइप केलं ते त्यात बऱ्यापैकी कळतं. ‘plumber salary’, ‘plumber course’, आणि गिझर कंपन्यांचे ‘customer care number’. हा शेवटचा प्रकार सगळ्यात महाग, कारण वॉरंटीतला गिझर फुकट दुरुस्त होईल या समजुतीनं ती माणसं पाच-पाच मिनिटं बोलतात. असे शब्द निगेटिव्हमध्ये टाकायचे, म्हणजे ते शोधणाऱ्याला जाहिरात दिसत नाही. पण ‘job’ टाकलं म्हणून ‘नोकरी’ थांबत नाही, ‘vacancy’ही नाही; प्रत्येक शब्द आणि प्रत्येक भाषा वेगळी भरावी लागते.

एका क्लिकला किती पैसे द्यायचे याची बोली आपोआप लावणारा पर्याय आम्ही सोडून दिला. ठरावीक सेकंदांहून लांब चाललेला कॉल तो यशस्वी धरतो आणि तसे कॉल वाढवायला बघतो. एवढ्याशा भागात शिकायला पुरेसे कॉलच मिळत नाहीत, आणि वर हे वॉरंटीवाले लांब बोलून त्याला फसवतात. त्यापेक्षा एका क्लिकची कमाल रक्कम बांधून दिलेली बरी. रोजचं बजेट मात्र थोडं कमीच लिहा. एखाद्या दिवशी त्याच्या दुप्पट खर्च होऊ शकतो, महिन्याचा हिशोब मात्र मर्यादेत राहतो.

पत्ता दाखवण्याचा फायदा आहे, दुकान जवळ आहे म्हटल्यावर लोकांचा विश्वास बसतो. पण त्यावर दाबून रस्ता बघितला तरी पैसे जातात, आणि काही जण नळ विकत घ्यायलाच येऊन उभे राहतात. आता काउंटरवर थोडे वॉशर, कॉक आणि जाळ्या ठेवल्यात.