दिवाळीचा मेसेज 'आपणास'वरून 'तुम्हाला'वर आणला, त्याला आता आठ महिने झाले

आमचा पुठ्ठ्याच्या बॉक्सचा व्यवसाय आहे. भोसरी आणि चाकण भागातल्या कारखान्यांना आम्ही थ्री प्लाय आणि फाइव्ह प्लाय बॉक्स पुरवतो. धंदा बाबांनी सुरू केला, गेली नऊ वर्षं मी बघते. यादीत साधारण १८० ग्राहक आहेत आणि त्यातले चाळीसेक जण बाबांच्या काळापासूनचे. काहींनी मला शाळेच्या गणवेशात गोडाऊनमध्ये बसलेलं पाहिलंय.

२०२४ पर्यंत आमचा दिवाळीचा मेसेज ठरलेला होता. पणतीचा फोटो, कोपऱ्यात आमचा लोगो आणि खाली मजकूर: 'आमच्या सर्व मान्यवर ग्राहकांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा. ही दिवाळी आपल्या जीवनात सुख, समृद्धी, आनंद व भरभराट घेऊन येवो.' उत्तरादाखल हात जोडल्याची चिन्हं यायची, किंवा दुसऱ्या कुणाचा तसाच फोटो. वीस वर्षं ज्यांच्याशी रोज फोनवर बोलतो, त्यांना आपण 'सर्व मान्यवर ग्राहक' म्हणतोय हे मला फार उशिरा खटकलं.

२०२५ च्या दिवाळीला मी मजकूर बदलला आणि त्यानंतरही ग्राहकांना लिहिताना तोच सूर ठेवला. त्याचा हा अनुभव.

पहिला मसुदा मी भलतीकडेच नेला होता. 'तुम्ही आमचे ग्राहक नाही, आमच्या कुटुंबाचाच भाग आहात' असं वाक्य त्यात होतं. सगळ्यांना पाठवण्याआधी ओळखीच्या तिघांना दाखवलं. त्यातले एक मोठ्या कंपनीत खरेदी विभागात आहेत. ते म्हणाले, 'ताई, हे मला आवडलं, पण माझ्या वरिष्ठांनी वाचलं तर माझी पंचाईत होईल. पुरवठादार मला घरचा माणूस म्हणतोय म्हटल्यावर पुढच्या कोटेशनला मी काय उत्तर देऊ?' हा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. मालकाला लिहिलेला मेसेज त्याच्या घरी वाचला जातो आणि खरेदी अधिकाऱ्याला लिहिलेला कदाचित त्याच्या साहेबांच्या टेबलावर. तेव्हापासून मेसेज पाठवण्याआधी मी एवढंच बघते, की त्यांनी तो कुणालाही मोकळेपणाने दाखवावा असा आहे ना. जिव्हाळा दाखवायला नातं जोडावं लागत नाही, आठवण पुरते.

सगळ्यात जास्त वेळ 'आपण' या शब्दाने खाल्ला. मराठीत त्याचे दोन अर्थ होतात: आदरार्थी 'तुम्ही' आणि 'तुम्ही-आम्ही मिळून'. जुन्या मजकुरात आम्ही लिहायचो, 'आपल्या सहकार्यामुळे आपले संबंध दृढ झाले आहेत.' पहिलं 'आपल्या' म्हणजे तुमच्या आणि दुसरं 'आपले' म्हणजे दोघांचे. वाचणारा अर्थ लावून घेतो, पण वाक्य कुणाकडे बघून बोलतंय तेच ठरत नाही. मी आदरासाठी 'तुम्ही' घेतलं आणि 'आपण' फक्त दोघांसाठी राखून ठेवलं. मग 'तुम्ही सांभाळून घेतलंत' आणि 'आपलं काम सुरळीत झालं' ही दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी बसली तरी घोळ होत नाही. 'तुम्ही' लिहिल्याने आदर कमी होईल अशी भीती होती. तो सांभाळला 'घेतलंत', 'दिलंत' या क्रियापदांनी आणि नावापुढच्या 'साहेब', 'काका', 'मॅडम' यांनी. फोनवर मी ज्याला जे म्हणते तेच लिहिलं. फोनवर काका आणि मेसेजमध्ये 'महोदय' असं झालं, की समोरच्याला दुसऱ्याच कुणीतरी लिहिल्यासारखं वाटतं.

याच ओघात 'तुमचं' की 'तुमचे' हाही प्रश्न आला. दोन्ही चालतं. मात्र एकाच मेसेजमध्ये 'तुमचे सहकार्य' आणि 'आमचं काम' असं मिसळलं, तर अर्धा मजकूर कुठून तरी उचललाय हे लगेच दिसतं. मी बोलण्यातलं 'तुमचं' निवडलं. दोन ज्येष्ठ ग्राहकांना मात्र जुन्या वळणाने, 'सप्रेम नमस्कार, विनंती विशेष' असं लिहिलं आणि शेवटी 'लोभ असावा'. बाबांची पत्रं त्यांना तशीच जायची आणि त्यांच्यापुरता तोच सूर जवळचा आहे.

शेवटी जो मेसेज गेला त्याचा एक नमुना देते:

'नमस्कार काका, तुम्हाला आणि घरच्या सगळ्यांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा. जुलैच्या पावसात आमची गाडी दोन दिवस अडकली होती तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत, पॅकिंगचं वेळापत्रक बदलून आम्हाला सांभाळून घेतलंत. गोडाऊनमधली सगळी मंडळी अजून ती आठवण काढतात. बाबांनीही नमस्कार सांगितलाय.'

संपूर्ण मेसेज एवढाच. फोटो नाही, लोगो नाही, दरपत्रक नाही. सुट्टीची सूचना मी आठवडाभर आधी वेगळी पाठवली होती, कारण ती वाचून लोकांना माल मागवायचा असतो आणि शुभेच्छा वाचून काहीच करायचं नसतं.

सगळा भार मधल्या वाक्यावर आहे, आणि ते सुचत नाही, शोधावं लागतं. मी वर्षभराची चलनबुकं आणि खतावणी घेऊन दोन संध्याकाळी बसले. चलनावरचे शेरे फार उपयोगी पडले: 'रविवारी माल उतरवून घेतला', 'माप बदललं, जुने २०० बॉक्स ठेवून घेतले'. प्रत्येक नोंदीमागे कुणीतरी आमच्यासाठी केलेली एखादी गोष्ट होती. चाळीस जुन्या ग्राहकांना अशी चाळीस वेगळी वाक्यं लिहिली. बाकीच्यांचे कामानुसार तीन गट केले आणि प्रत्येक गटाला त्यांच्या बाबतीत खरं असलेलं एक वाक्य. ज्यांच्याबद्दल काहीच सापडलं नाही त्यांना फक्त पहिलं वाक्य गेलं, आणि 'अमूल्य सहकार्य' लिहिण्यापेक्षा ते बरं दिसलं.

या वाक्यात पैसा येऊ द्यायचा नाही, हे एक चूक करून कळलं. एका ग्राहकाला मी कौतुकाने लिहिलं, 'तुमचं पेमेंट कायम वेळेवर असतं.' त्यांच्या अकाउंट्समधून दुसऱ्या दिवशी फोन आला, 'काही बाकी राहिलंय का?' बाकी काहीच नव्हतं. पण विकणाऱ्याच्या तोंडून पेमेंटचं कौतुकसुद्धा आठवण करून दिल्यासारखंच ऐकू येतं. 'यंदा तुमची ऑर्डर वाढली' हेही तसंच. माणसाने काय केलं ते लिहावं, आपल्याला किती मिळालं ते नाही.

दुसरी चूक जास्त लागली. एका ग्राहकाच्या आई भाद्रपदात गेल्या होत्या. मला ते कळलं होतं, पण यादी करताना डोक्यात राहिलं नाही. त्यांना 'घरच्या सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा' असा मेसेज गेला. उत्तर आलं, 'यंदा आमच्याकडे दिवाळी नाही.' मी लगेच फोन करून माफी मागितली. त्यांनी मोठ्या मनाने घेतलं, तरी मला दोन दिवस चैन पडलं नाही. जुन्या साच्याच्या मेसेजमध्ये अशी चूक खपून जाते, कारण तो कुणालाच उद्देशून नसतो. नावानिशी लिहिलेल्यात ती टोचते. आता अशा घरांची वेगळी नोंद ठेवते आणि त्यांच्यासाठी शुभेच्छांऐवजी एवढंच: 'यंदाचे दिवस तुम्हाला जड आहेत, तुमची आठवण आहे. घरी फराळाचा डबा पाठवतेय.' डबा कुरिअरने नाही, आमचा माणूस स्वतः जाऊन देतो.

वेळेबद्दल. २०२५ मध्ये उत्तरेकडे बऱ्याच ठिकाणी लक्ष्मीपूजन २० ऑक्टोबरला होतं आणि आपल्याकडे २१ ला. मुख्य दिवशी मेसेजचा पूर येतो तो वेगळाच. म्हणून मी वसुबारसेला, १७ ऑक्टोबरला सकाळी पाठवला. तो शुक्रवार होता, लोक अजून कामावर होते आणि वाचायला निवांत होते. गुजराती व्यापाऱ्यांना मात्र पाडव्याला, २२ तारखेला लिहिलं. त्यांचं नवं वर्ष त्या दिवशी लागतं आणि 'साल मुबारक' त्याच दिवशी शोभतं.

पाठवण्यातली एक अडचण सांगायला हवी. गटांना मी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या ब्रॉडकास्ट लिस्टमधून पाठवलं. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज पोहोचतच नाही. आमचा नंबर मार्चमध्ये बदलला होता. पाठवलेल्या मेसेजवर बोट दाबून माहिती उघडली तेव्हा 'पोहोचला' या यादीत बरीच नावं नव्हती. त्यांना एकेक करून पाठवावं लागलं. एसएमएसचा विचार आधीच सोडला होता. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरचिन्हं मावतात आणि काना-मात्राही त्यात मोजल्या जातात. शिवाय व्यावसायिक एसएमएसचा मजकूर आधी नोंदवावा लागतो, म्हणजे माणसागणिक वेगळं वाक्य लिहिण्याचा प्रश्नच मिटला.

दिवाळीत उत्तरं जास्त आली का? हो, आणि लांब आली. कुणी बाबांची तब्येत विचारली, कुणी त्यांच्या बाजूने तोच जुलैचा प्रसंग सांगितला. मला खरा फरक कळला तो जानेवारीत. क्राफ्ट पेपर महागला आणि दर वाढवावे लागले. पूर्वी अशा पत्राची सुरुवात 'आपणास कळविण्यात येते की' अशी व्हायची. दिवाळीला 'तुम्ही' म्हटल्यावर तीन महिन्यांनी परत 'आपणास' म्हणणं म्हणजे गरज पडली की अंतर राखल्यासारखं झालं असतं. म्हणून सरळ लिहिलं: 'कागदाचे भाव वाढल्यामुळे १ फेब्रुवारीपासून दर बदलावे लागताहेत. तुमच्या मापांचे नवे दर सोबत दिलेत. काही अडचण असेल तर मला फोन करा.' बऱ्याच जणांनी फोन केले. दोघांनी वाढ दोन टप्प्यांत मागितली, ती दिली. एक ग्राहक दुसरीकडे गेला. त्याला दर परवडत नव्हता आणि त्यात सुराचा संबंध नव्हता.

एक तोटाही आहे. असा मेसेज एकदा केला की पुढच्या वर्षी तेच वाक्य परत वापरता येत नाही. म्हणून एप्रिलपासून चलनबुकाच्या शेवटच्या पानावर एक रकाना आखलाय. ड्रायव्हर आणि गोडाऊनची मुलं त्यात लिहितात, कुणी काय मदत केली आणि कुणाच्या घरी काय झालं. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. रकान्यात आत्तापर्यंत तेवीस ओळी भरल्यात, त्यातल्या दोन शुभेच्छा पाठवायच्या नाहीत अशा घरांच्या.