काट्यावर वजन जुळलं, तरी जाळीच्या पत्र्यात फसवणूक

पर्फोरेटेड, म्हणजे भोकं पाडलेला जाळीचा पत्रा किलोवर विकत घेणाऱ्यांचा एक ठाम समज असतो: धरमकाट्याची पावती आणि बिल जुळलं की व्यवहार साफ. खाली दिलेल्या प्रकरणात पावती, चलन आणि बिल तिन्ही जुळत होती. फसवणूक झाली ती पत्र्यात. खरेदीदार जनरेटर झाकणाऱ्या कॅनॉपी बनवणारं एक छोटं फॅब्रिकेशन युनिट होतं, पुरवठादार पंचिंग करून देणारा. नावं देत नाही, कारण हाच प्रकार कोणत्याही औद्योगिक वसाहतीत होऊ शकतो.

ऑर्डर अशी होती: माइल्ड स्टीलचा २ मिमी पत्रा, आकार २४४० × १२२० मिमी, म्हणजे बाजारातला आठ बाय चार. भोक ५ मिमी, पिच म्हणजे शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर ८ मिमी, ६० अंशांत स्टॅगर्ड म्हणजे एकाआड एक ओळ अर्ध्या पिचने सरकवलेली, चारही बाजूंना २० मिमी कोरी पट्टी. नग ४०. दर तयार मालाच्या वजनावर.

या पत्र्याचं वजन किती यायला हवं, ते आधी काढू. पूर्ण पत्र्याचं क्षेत्रफळ २.४४ × १.२२ म्हणजे २.९७७ चौरस मीटर. माइल्ड स्टीलचा १ मिमी जाड पत्रा चौरस मीटरला ७.८५ किलो भरतो, त्यामुळे २ मिमीला १५.७ किलो. म्हणजे भोकं पाडण्याआधी कोरा पत्रा ४६.७४ किलोचा.

आता भोकांमुळे गेलेलं वजन. ६० अंशांच्या मांडणीत शेजारच्या कोणत्याही तीन भोकांची केंद्रं समभुज त्रिकोण करतात. अशा मांडणीचा ओपन एरिया, म्हणजे भोकांनी व्यापलेली जागा टक्क्यांत, काढायला भोकाच्या व्यासाच्या वर्गाला पिचच्या वर्गाने भागायचं आणि ९०.६९ ने गुणायचं. इथे २५ भागिले ६४, गुणिले ९०.६९, म्हणजे ३५.४ टक्के. मात्र हे टक्के पूर्ण पत्र्याला लावायचे नाहीत, फक्त भोकं असलेल्या भागाला लावायचे. कडेच्या पट्ट्या वगळल्या तर तो भाग २४०० × ११८० मिमी, म्हणजे २.८३२ चौरस मीटर. त्याचे ३५.४ टक्के म्हणजे १.००३ चौरस मीटर, आणि तेवढ्या पत्र्याचं वजन १५.७५ किलो. ४६.७४ मधून ते वजा केलं की एक पत्रा ३०.९८ किलोचा आणि ४० पत्रे १,२३९ किलोचे.

कडेची पट्टी विसरून थेट ४६.७४ च्या ३५.४ टक्के वजा केले तर ३०.१८ येतं. पत्र्यामागे ८०० ग्रॅमचा फरक. पुष्कळ भांडणं इथेच सुरू होतात आणि त्यात दोष पुरवठादाराचा नसतो.

माल आला तेव्हा काट्यावर निव्वळ वजन १,२३५ किलो दिसलं. काट्याचा सगळ्यात लहान भाग ५ किलोचा, त्यामुळे चार-पाच किलोंचा फरक कुणालाच खटकला नाही. व्हर्नियर लावला तर जाडी २ मिमी, भोकात ५ मिमीची ड्रिल बिटाची दांडी बरोबर बसली. माल आत घेतला, पावडर कोटिंगला गेला, कॅनॉपीवर चढला. चाचणीत आतलं तापमान ठरलेल्या मर्यादेच्या वर जायला लागलं. आधी संशय पंख्यावर गेला, मग सीलिंगवर, आणि सगळ्यात शेवटी कुणीतरी जाळीवर पट्टी ठेवली.

पिच ८ नव्हता, ९ होता. आणि पत्रा २ चा नव्हता, १.८ चा होता.

आता याचं वजन मांडून बघा. १.८ मिमीचा कोरा पत्रा ४२.०६ किलोचा. पिच ९ केला की २५ भागिले ८१ गुणिले ९०.६९, ओपन एरिया २८ टक्के. भोकांतून गेलेलं वजन ११.२० किलो. उरलं ३०.८६ किलो. योग्य पत्रा ३०.९८, हा ३०.८६. फरक १२० ग्रॅमचा! पत्रा पातळ करून जे वजन कमी झालं, ते भोकं विरळ करून जवळजवळ सगळं भरून काढलं. ४० नगांमागे जेमतेम पाच किलोंचा फरक, आणि तो काट्याच्या एका भागात बुडाला.

पुरवठादाराला यात काय मिळालं? पत्र्यामागे ४.६७ किलो कच्चा पत्रा कमी लागला, ४० नगांना १८७ किलो. त्याच्याकडचं भंगारही तेवढ्याच प्रमाणात घटलं हे खरं, पण भंगाराचा भाव पत्र्याच्या भावाहून कमी असतो, आणि तो फरक त्याच्या खिशात राहिला. शिवाय पंचिंगचं काम वाचलं. ८ च्या पिचला एका पत्र्यात साधारण ५१,००० भोकं बसतात, ९ ला ४०,४००. दर पत्र्यामागे दहा हजारांहून जास्त भोकं पाडायची वाचली. खरेदीदाराने मात्र पैसे पुऱ्या वजनाचे दिले आणि वारा जायची जागा पत्र्यामागे १.००३ ऐवजी ०.७९३ चौरस मीटर मिळाली. तेवढीच हवा कमी जागेतून काढायची तर भोकातला वेग सव्वापट होतो आणि जाळीतली दाबाची घट वेगाच्या वर्गाने, म्हणजे सुमारे १.६ पट होते. पंख्याची बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

वजन हा एकच आकडा आहे आणि त्याच्या मागे जाडी, भोकाचा व्यास आणि पिच अशा तीन गोष्टी दडलेल्या असतात. एक वाढवून दुसरी घटवली की काटा गप्प बसतो. वजनावरून ओपन एरिया उलटा काढून बघणाऱ्यांनाही हाच फटका बसतो. या पत्र्याची जाडी २ धरून हिशेब केला तर ४६.७४ वजा ३०.८६ म्हणजे १५.८८ किलो भोकांत गेले. भोकं असलेल्या भागाचं कोरं वजन ४४.४६ किलो, भागाकार ३५.७ टक्के. म्हणजे पत्रा मागितल्यापेक्षा सरस! खरी जाडी १.८ घातली की तोच हिशेब २८ टक्क्यांवर येतो. जाडी स्वतः मोजलेली नसेल तर हे उलटं गणित करूच नये.

मग व्हर्नियरने २ मिमी कसे दाखवले? पंच पत्र्यातून आरपार जाताना खालच्या बाजूला बर, म्हणजे धातूची धारदार कड, उभी राहते. शिअरवर कापलेल्या कडेलाही बर असते. व्हर्नियरचे जबडे भोकाच्या तोंडावर किंवा अगदी कडेवर धरले की बरीसकट जाडी मोजली जाते, आणि पंच बोथट असेल तर बर आणखी मोठी. मोजायचं असेल तर मायक्रोमीटर घ्या, कोऱ्या पट्टीत कडेपासून दहा-पंधरा मिमी आत जा, आणि चारही बाजूंना मिळून पाच-सहा ठिकाणी मोजा. मिलच्या पत्र्यातही जाडीला थोडी सूट असते, त्यामुळे १.९ च्या आसपास आलं म्हणून लगेच चोर ठरवू नका. पण सगळीकडे १.८ येत असेल तर तो पत्रा मुळात दुसऱ्या जाडीचा म्हणून विकत घेतलेला आहे.

भोक मोजताना पंच शिरलेल्या, गुळगुळीत बाजूने मोजा. बरीच्या बाजूला भोक किंचित मोठं असतं, कारण पत्र्याखालच्या डायचं भोक पंचापेक्षा मोठं ठेवावं लागतं. व्यासाचा वर्ग होतो, म्हणून इथे दोन दशांशसुद्धा महाग पडतात: ५ ऐवजी ४.८ चं भोक आलं तर ओपन एरिया ३५.४ वरून ३२.६ वर येतो आणि वजन पत्र्यामागे सव्वा किलोने वाढतं.

पिच एका जोडीवर मोजू नये. एक मिमीचा फरक डोळ्याला दिसत नाही. एका ओळीतली अकरा भोकं घ्या, पहिल्याच्या डाव्या काठापासून अकराव्याच्या डाव्या काठापर्यंत स्टीलची पट्टी लावा. ८ चा पिच असेल तर ८० मिमी येतील, ९ चा असेल तर ९०. हे काम अर्ध्या मिनिटाचं आहे.

तीच पट्टी आडवी फिरवून ओळींमधलं अंतरही बघा. समभुज मांडणीत ते पिचच्या ०.८६६ पट असतं, ८ च्या पिचला ६.९३ मिमी, दहा अंतरांना ६९.३. काही जण ओळी अर्ध्या पिचने सरकवतात पण ओळींमधलं अंतर ८ च ठेवतात. जाळी दिसायला तिरकीच दिसते, ओपन एरिया मात्र सरळ चौकोनी मांडणीइतकाच, ३०.७ टक्के. २ मिमी पत्र्यात तसं केलं तर एक नग ३३.१ किलोचा होतो, म्हणजे दोन किलो जास्तीचं बिल, आणि हवा कमी. ‘स्टॅगर्ड’ एवढाच शब्द ऑर्डरमध्ये असेल तर तक्रारीला जागा राहत नाही. ‘६० अंश, समभुज’ असं लिहा आणि सोबत ओपन एरिया व एका नगाचं हिशेबी वजनही लिहा.

दर कोऱ्या पत्र्याच्या वजनावर की तयार मालाच्या, हेही त्याच कागदावर असू द्या. कोऱ्या वजनावर दर घेणं ही गैर पद्धत नाही, पण आधी न सांगता तसं बिल केलं तर या ऑर्डरमध्ये ६३० किलोंचे पैसे जास्त गेले असते.

तक्रार केल्यावर पुरवठादाराने स्वतःचा मायक्रोमीटर आणून कोटिंग झालेला पत्रा मोजून दाखवला: १.९४. ‘सूट धरून बरोबरच आहे,’ असं म्हणाला. पावडर कोटिंगचा थर एका बाजूला ७० मायक्रॉन धरला तर दोन्ही बाजूंचे मिळून ०.१४ मिमी होतात, आणि १.८० चे १.९४ होतात. पट्टीचा कोपरा खरवडून धातूपर्यंत गेल्यावरच खरा आकडा दिसला. म्हणून मोजमाप कोटिंगच्या आधी करा आणि प्रत्येक लॉटमधला एक पत्रा कोटिंगला न पाठवता वाद मिटेपर्यंत बाजूला ठेवा. पिचबद्दल मात्र त्याला काही बोलता आलं नाही. थर कितीही चढवला तरी अकरा भोकांमधलं ९० मिमी अंतर ९०च राहतं.