सॅम्पल पाठवायचा तिहेरी खोका: काही महिन्यांच्या वापरानंतर

खोका कसा असतो हे लॅबमध्ये काम करणाऱ्यांना सांगायला नको. आत ट्यूब, मध्ये फिरकीच्या झाकणाचा प्लास्टिकचा डबा, बाहेर जाड थर्मोकोल आणि त्यावर पुठ्ठा. आमच्याकडे तो कॅटेगरी बी सॅम्पलसाठी, म्हणजे यूएन ३३७३ साठी घेतला. सुरुवातीला मी खूश होतो. आता निम्मा खूश आहे, आणि उरलेला निम्मा का नाही हे लिहायला बसलोय.

निमित्त झालं रेफरल लॅबच्या एका शेऱ्याचं. पीसीआरसाठी पाठवलेल्या ईडीटीए ट्यूब त्यांनी ‘हिमोलाइज्ड’ म्हणून नाकारल्या. नाकारणं बरोबरच होतं. फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन पीसीआरची अभिक्रिया अडवतं, मग निगेटिव्ह आलेला रिपोर्ट खरा की खोटा हे कोण सांगणार? पण पेशंटला पुन्हा सुई टोचायला बोलावताना बोलणी खातो तो आपणच.

विक्रेत्याला फोन केला. पहिलं उत्तर तयारच होतं: “कुरिअरवाल्यानं उन्हात ठेवला असेल.” खोक्याच्या झाकणात लॉगरसाठी खाच आहे, त्यातला आलेख मी पाठवला. निघाल्यापासून पोचेपर्यंत तापमान २ ते ८ अंशांतच. मग दुसरं उत्तर आलं: “रक्त काढतानाच पेशी फुटल्या असतील, बारीक सुई वापरली का?” तसं होतं हे खरं आहे. पण त्याच वेळी काढलेली दुसरी ट्यूब आमच्या फ्रीजमध्ये होती. ती फिरवली तर वरचा प्लाझ्मा स्वच्छ पिवळा, लालसरपणाचा मागमूस नाही. म्हणजे जे झालं ते खोक्यात झालं, आणि ऊन तर लागलंच नव्हतं. तिसरं उत्तर आलंच नाही.

आमच्या मॅडम म्हणाल्या, “नुसतं भांडून काय होणार, करून बघू या.” ट्यूबमध्ये पाणी भरलं, माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे जेल पॅक डीप फ्रीजरमधून काढून थेट खोक्यात लावले. फरक एवढाच केला की साध्या थर्मामीटरचा प्रोब मधल्या डब्यात, ट्यूबला चिकटवून ठेवला. झाकणातला लॉगर ५ अंश दाखवत असताना आतला प्रोब शून्याच्या खाली गेला आणि बराच वेळ उणे ३ च्या आसपास राहिला. उघडलं तर डब्याच्या भिंतीकडच्या ट्यूबमध्ये बर्फ, मधल्या ट्यूबमध्ये पाणी. रक्त शून्याच्या जेमतेम अर्धा अंश खाली गोठायला लागतं. गोठलं की पेशी फुटतात, आणि नंतर वितळून ४ अंशांवर नीट पोचलं तरी फुटलेली पेशी जुळत नाही. झाकणातला लॉगर वरच्या हवेचं तापमान मोजतो, पेशंटच्या रक्ताचं नाही.

तेव्हा लॉगर हा उगाचचा खर्च, हे माझं आधीचं मत मी मागे घेतो. उगाचची आहे ती खाच. लॉगर आता मधल्या डब्याच्या बाजूला, अंगाला लावून बांधतो.

जेल पॅकची गोष्ट नीट सांगतो, कारण इथे काटकसरी माणूस फसतो. पॅक बाहेर काढून टेबलावर ठेवायचा म्हणजे गारवा वाया घालवायचा, असं वाटतं. हिशेब केला तर तसं नाही. उणे २० चा बर्फ शून्यापर्यंत यायला किलोमागे साधारण ४२ किलोज्यूल उष्णता घेतो, आणि शून्यावर वितळताना ३३४ घेतो. खोका तासन्‌तास गार राहतो तो या वितळण्यावर. म्हणजे टेबलावर आपण जेमतेम नवव्या हिश्श्याचा गारवा सोडतो, आणि नेमका तोच हिस्सा ट्यूब गोठवणारा असतो. पॅक एकावर एक न ठेवता सुटे पसरायचे. वरचा पांढरा बर्फाचा थर जाऊन अंगावर घाम सुटला आणि कोपरा बोटानं दाबल्यावर दबला, की लावायचे. घड्याळ लावून उपयोग नाही. खोलीच्या तापमानावर आणि पॅकच्या जाडीवर वेळ बदलते. शिवाय पॅक आणि मधला डबा यांच्यात आम्ही पन्हाळी पुठ्ठ्याचं एक वेष्टण घालतो. तेव्हापासून ‘हिमोलाइज्ड’ हा शेरा आलेला नाही.

(मेनिंजायटिसच्या संशयाचं सीएसएफ कल्चरला जाणार असेल तर या खोक्यात जेल पॅक घालूच नका. मेनिंगोकॉकस थंडीत मरतो. ते खोलीच्या तापमानाला, लवकरात लवकर पोचवायचं.)

लेबलांबद्दल तक्रार नाही. ५० मिलिमीटर बाजूचा चौकोन, त्यात यूएन ३३७३, शेजारी ‘बायोलॉजिकल सब्स्टन्स, कॅटेगरी बी’, सगळं पुठ्ठ्यावर छापून येतं. पत्ता आणि जबाबदार माणसाचा फोन नंबर लिहायला जागा आहे. खोका निर्जंतुक करून रिकामा परत येताना चौकोन झाकायला मात्र काहीच दिलेलं नाही, तिथे आम्ही कोरा कागद चिकटवतो. फॉर्मसाठी मधल्या डब्याबाहेर वेगळं पाकीट आहे, हे उत्तम. फॉर्म ट्यूबला गुंडाळून रबर बँड लावायची खोड अनेक ठिकाणी आहे. एक ट्यूब गळली की फॉर्म वाचायला हात लावायचीही सोय राहत नाही.

आता रिंग. मधल्या डब्याच्या झाकणात एक काळी रबरी रिंग असते. माझ्या मते हा सगळा खोका म्हणजे ती रिंग आणि तिच्याभोवतीचं सामान. ट्यूब फुटली तर आतला शोषक कागद सगळं द्रव पिऊन घेणार, हे ठीक. पण विमानात बाहेरचा दाब उतरतो तेव्हा आतलं आत ठेवायचं काम रिंगच करते. डबा ९५ किलोपास्कल दाबाचा फरक सोसतो असं त्यावर कोरलेलं आहे, आणि ते खरं आहे ते रिंग धड असेपर्यंतच. आमच्याकडे हायपोक्लोराइटनं वारंवार पुसून ती कडक झाली, वाकवली की बारीक भेगा दिसायला लागल्या. तपासायची पद्धत सोपी आहे: आत कोरडा टिश्यू घालून झाकण घट्ट लावायचं, डबा कोमट पाण्यात उलटा धरायचा. बुडबुडे निघाले किंवा टिश्यू ओला झाला तर डबा बाद. एवढ्यानं ९५ किलोपास्कलची खात्री होत नाही, पण बाद झालेली रिंग कळते.

सुटी रिंग मागितली तर म्हणे विकत नाही, अख्खा डबा घ्या. चिमूटभर रबरासाठी अख्खा डबा! दुकानात त्याच मापाची रिंग मिळते, बसतेही. पण दाबाची चाचणी झाली ती कंपनीच्या रिंगसकट. दुसरी बसवली की कोरलेल्या आकड्याला अर्थ उरत नाही, आणि विमानानं जाणाऱ्या पार्सलवर मी तो आकडा मिरवू शकत नाही. म्हणून बाहेरची रिंग लावलेला डबा आम्ही लॅबमधल्या लॅबमध्ये, एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर सॅम्पल न्यायला ठेवलाय.

पुढची ऑर्डर द्यायची आहे. पुठ्ठा, थर्मोकोल आणि छपाई याच विक्रेत्याकडून घेणार. मधला डबा जो कोणी सुट्या रिंगा लेखी कबूल करेल त्याच्याकडून, मात्र पूर्ण जोडणीचा चाचणी अहवाल बघूनच, कारण एकाचा डबा दुसऱ्याच्या खोक्यात घातला की १.२ मीटरवरून पाडून घेतलेली चाचणी कोणाचीच राहत नाही. तसा अहवाल देणारा एक विक्रेता सापडलाय, नमुना मागवलाय.