लांबलचक खाते क्रमांक मोजताना: COUNTIF ला तारा जोडावा की SUMPRODUCT वापरावं?

खाते क्रमांक १६ आकडी किंवा त्याहून लांब असतील, तर COUNTIF वेगवेगळी खाती एकच समजून मोजतं. क्रमांक टेक्स्ट म्हणून साठवलेले असले तरी. मजकूर आकड्यासारखा दिसला की COUNTIF त्याला आकडा मानूनच ताडून बघतं, आणि एक्सेलचा आकडा पहिल्या १५ अंकांपुढे काही लक्षात ठेवत नाही. सेलचं फॉरमॅट बदलून किंवा निकषात A2&"" लिहूनही काही फरक पडत नाही.

ही यादी घ्या, सगळे क्रमांक टेक्स्ट आहेत:

```
A2  4010000000012341
A3  4010000000012342
A4  4010000000012349
A5  401000000001234
```

पहिल्या तिघांचे सुरुवातीचे १५ अंक सारखेच आहेत, म्हणून साधं COUNTIF त्या तिघांसमोरही ३ दाखवतं. यावर सहसा दोन उपाय सुचवले जातात. मी दोन्ही बरेच दिवस वापरलेत.

पहिला ताऱ्याचा:

```
=COUNTIF($A$2:$A$5000,A2&"*")
```

तारा लागला की निकष आकडा राहत नाही, त्यामुळे तुलना अक्षराला अक्षर लावून होते. लिहायला सोपा, चालायला जलद, आणि आधीच्या सूत्रात चार-पाच अक्षरांची भर घातली की काम झालं. A2, A3, A4 समोर आता १ येतो. इथवर छानच.

आता A5 पाहा. तो क्रमांक १५ आकडी आहे आणि बाकीचे तिन्ही नेमके त्याच अंकांनी सुरू होतात. "याने सुरू होणारं काहीही" असाच ताऱ्याचा अर्थ असल्यामुळे A5 समोर ४ येतो. गंमत म्हणजे या एका क्रमांकापुरतं साधं COUNTIF बरोबर होतं, ते १ दाखवत होतं. माझं मन ताऱ्यावरून उडालं ते इथेच. चूक दिसत नाही, एरर येत नाही, आणि ती फक्त आखूड क्रमांकाच्याच रांगेत होते. वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली यादी असेल तर लांबी सारखी असेलच याची खात्री कोण देणार? यादीत एखादा सेल टेक्स्ट नसून खरा आकडा असेल, तर तारा त्याला मोजतच नाही. स्वतःच्याच रांगेत ० दिसला की समजावं, हे तेच आहे. निदान ही खोड डोळ्यांना दिसते तरी.

दुसरा उपाय:

```
=SUMPRODUCT(--($A$2:$A$5000=A2))
```

इथे बरोबरचं चिन्ह टेक्स्टची तुलना टेक्स्ट म्हणूनच करतं. चारही रांगांत १ येतो, लांबी कशीही असो. सुरुवातीची शून्यंही जपली जातात. साधं COUNTIF 0012 आणि 12 एकच मानतं, हे मानत नाही. मात्र शिस्त थोडी कडक आहे. शेवटी एखादी मोकळी जागा राहिली तरी क्रमांक वेगळा ठरतो. काही सेल टेक्स्ट आणि काही आकडे असतील तर दोन्ही बाजूंना &"" लावावं लागतं:

```
=SUMPRODUCT(--($A$2:$A$5000&""=A2&""))
```

वेगाची तक्रार खरी आहे. पाच हजार रांगांत प्रत्येक रांग सगळ्यांशी ताडली, की सुमारे अडीच कोटी तुलना होतात. एवढ्या यादीत मला ते खटकलं नाही, पण रांगा चौपट झाल्या तर काम सोळापट होतं आणि मग फाइल जड लागते. तिथे मी शेजारच्या कॉलममध्ये ="x"&A2 लिहून त्या कॉलमवर साधं COUNTIF चालवतो. अक्षर पुढे आल्यावर त्याला आकडा म्हणून वाचताच येत नाही. फक्त हा कॉलम कुणी "फालतू आहे" म्हणून उडवणार नाही, एवढं बघावं लागतं.

तुमच्या यादीतले सगळे क्रमांक एकाच लांबीचे आणि सगळे टेक्स्ट असतील, तर ताऱ्यात वावगं काही नाही, खुशाल वापरा. मी स्वतः मात्र SUMPRODUCT च लिहितो. कंडिशनल फॉरमॅटिंगमधलं तयार "डुप्लिकेट" रंगवणंही याच १५ अंकांवर अडखळतं, म्हणून तिथेही नियम म्हणून हेच सूत्र >1 जोडून देतो.

यातलं काहीही करण्याआधी क्रमांकांच्या शेपटाकडे एकदा नजर टाका. सीएसव्ही फाइल डबल-क्लिक करून उघडली असेल, तर १६ आकडी क्रमांक आकडा होऊन आत आलेले असतात आणि सोळावा अंक सगळीकडे शून्य झालेला असतो. तो अंक कुठल्याच सूत्राने परत येत नाही. मूळ फाइल पुन्हा आयात करायची आणि त्या वेळी तो कॉलम टेक्स्ट निवडायचा.